तीनशेचा दंडक आणि रस्त्यावरची नजर

वाढदिवस असो, निवडीचा सत्कार असो, दसऱ्याचा मेळावा असो की गावातल्या आजींचे पुण्यस्मरण, बीड जिल्ह्यात त्याची खबर रस्त्याला फ्लेक्सच देतो. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, कुठल्याही गावच्या फ्लेक्सच्या दुकानात उभे राहा, एक वाक्य हमखास कानी पडते: "फोटो फाटतोय, मोठा आणा. तीनशे डीपीआय पाहिजे." गिऱ्हाइकाकडे असतो तो एकच फोटो, कुणाच्या तरी लग्नातला, व्हॉट्सअ‍ॅपवरून चार हात फिरून आलेला. मग कुणी तरी जाणता पुढे होतो, फोटोशॉपमध्ये ७२ च्या जागी ३०० टाकतो आणि सगळ्यांचे समाधान होते. दुकानदाराचा दंडक पाळला गेला, फोटो मात्र होता तसाच राहिला.

हा दंडक चुकीच्या जागी लावला जातो, असे माझे म्हणणे आहे. लांबून पाहायच्या फलकाला ३०० ची गरज नाही. इतकेच नव्हे, तर ३०० च्या मागे लागल्यामुळे ज्या दोषांकडे लक्ष द्यायला हवे, तेच नजरेआड होतात.

आधी दंडकाच्या बाजूने जे बोलता येते, ते नीट मांडू. ३०० हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. ऑफसेट छपाईत चांगल्या कागदावर इंचाला दीडशे ओळींची जाळी वापरण्याची रीत आहे, आणि जाळीच्या दुप्पट पिक्सेल द्यावेत हा त्या धंद्याचा जुना संकेत. दीडशेची दुप्पट तीनशे. लग्नपत्रिका आपण हातात धरून, फूटभर अंतरावरून वाचतो. तिथे इंचाला ३०० पिक्सेल दिले तर एकही ठिपका सुटा दिसत नाही. ज्याने पत्रिका छापण्यात उमेदवारी केली, त्याला हा आकडा पाठ असणारच आणि तो त्याने पाळलाही पाहिजे.

पण हा संकेत ठरला तो कागद डोळ्यांपासून फूटभर अंतरावर धरलेला असतो म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. उट्रेख्टच्या हर्मन स्नेलेनने तो १८६२ मध्ये तयार केला. निकोप नजरेला ज्या ओळीपर्यंत वाचता यावे, त्या ओळीतल्या अक्षराची रेघ डोळ्याशी एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन करते. त्याहून बारीक तपशील सर्वसाधारण डोळ्याला सुटा दिसत नाही. एक कला म्हणजे एक मीटरवर ०.२९ मिलिमीटर आणि दहा मीटरवर २.९ मिलिमीटर. यावरून सोपा हिशेब निघतो: ८७ ला अंतराच्या मीटरने भागले, की इंचाला किती पिक्सेल लागतात ते मिळते. फूटभर अंतराला म्हणजे ०.३ मीटरला उत्तर येते २९०. दुकानातला ३०० तो हाच. तीन मीटरवर उत्तर येते २९, दहा मीटरवर जेमतेम ९ आणि वीस मीटरवर साडेचारच्याही खाली. नियम एकच आहे, फक्त दंडक सांगताना त्यातले अंतर गळून पडले.

आता हा दंडक अक्षरशः पाळून पाहू. वीस बाय दहा फुटांचा फलक म्हणजे २४० बाय १२० इंच. इंचाला ३०० या दराने फाइल होते ७२,००० बाय ३६,००० पिक्सेलची, म्हणजे सुमारे २६० कोटी पिक्सेल. चार रंगांच्या छपाईसाठी ती दहा जीबीच्या वर जाते. फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल एका बाजूला ३०,००० पिक्सेलच्या पुढे जात नाही, जेपीजी ६५,५३५ ला थांबते आणि साधी टिफ चार जीबीला. तेव्हा जो दंडक सगळे सांगतात, तो फलकावर कुणीच पाळत नाही. अनेक दुकानांत तर फुटाला इंच धरून काम चालते. वीस बाय दहा फुटांचा फलक २० बाय १० इंचांचा मांडतात आणि रिझोल्यूशन ३०० ठेवतात. छापताना तीच फाइल बारापट ताणली जाते, म्हणजे प्रत्यक्ष फलकावर इंचाला २५ पिक्सेल उरतात. जो ऑपरेटर ३०० मागतो, तोच दिवसभर २५ वर छापतो, आणि त्याचे फलक रस्त्यावरून चांगले दिसतात. ते का चांगले दिसतात, याचा विचार मात्र होत नाही.

यंत्रावर लिहिलेला ३६० किंवा ७२० हा आकडाही इथे गोंधळ घालतो. तो शाईच्या थेंबांचा आकडा आहे. चार शायांच्या थेंबांतून एक मधला रंग उभा करायला अनेक थेंब लागतात, म्हणून थेंब बारीक असणे हा यंत्राचा गुण आहे. फोटोने इंचाला तेवढे पिक्सेल पुरवावेत असा त्याचा अर्थ नाही.

मग फोटो "फाटलेला" दिसतो तो कुठे? तो दिसतो दुकानातल्या पडद्यावर. ऑपरेटर चेहरा दोनशे-तीनशे टक्के झूम करून, दोन फुटांवरून पाहतो आणि निकाल देतो. रस्त्यावरचा माणूस कधीच तसा पाहत नाही. दहा मीटरवरून पाहिलेला पावणेदोन फुटांचा चेहरा, हात लांब करून पोहोचेल इतक्या दूरच्या म्हणजे ६० सेंटीमीटरवरच्या पडद्यावर फक्त ३.२ सेंटीमीटर उंच दिसतो. पडद्यावर फुटपट्टी धरा, चेहरा तेवढा होईपर्यंत झूम कमी करा आणि मग निकाल द्या. बहुतेक वेळा "फाटलेला" फोटो तिथेच सांधलेला दिसेल.

इथवर वाचून कुणी म्हणेल, चला, मग कसलाही फोटो चालतो, लांबून कोण बघतो? ही दुसरी समजूत पहिलीइतकीच खोटी आहे, आणि खराब फलक बहुधा हिच्यामुळेच निघतात. लांबून बारीक तपशील दिसत नाही हे खरे. पण लांबून काहीच दिसत नाही असे नाही. डोळा सगळ्यांत तेज असतो तो मध्यम आकाराच्या चढउतारांना, एका अंशात तीन ते पाच वेळा फिके-गडद होणाऱ्या नक्षीला. दहा मीटरवर ही नक्षी साडेतीन ते सहा सेंटीमीटरची होते. म्हणजे तीन मिलिमीटरचा पिक्सेल सुटून जातो, पण चार-पाच सेंटीमीटरचा डाग नेमका नजरेत भरतो.

आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत नेमके तेच डाग असतात. जेपीजी दाबताना चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातला बारकावा वेगवेगळा कापला जातो. रंगाचा तपशील तर बहुधा आडवा आणि उभा दोन्हीकडे निम्माच ठेवला जातो, त्यामुळे रंगाचे चौकोन सोळा बाय सोळाचे होतात. फोनवर हे चौकोन टाचणीच्या डोक्याएवढेही नसतात. फलकावर एक पिक्सेल तीन मिलिमीटरचा झाला, की आठचा चौकोन २४ मिलिमीटरचा होतो आणि रंगाचा चौकोन जवळपास पाच सेंटीमीटरचा. एक फिका, एक गडद अशी चौकोनांची जोडी धरली तरी तीही पाच सेंटीमीटरच्या आसपासच जाते. गालावर फरशी बसवल्यासारखे जे दिसते ते हेच. स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला असेल, तर चौकोनांची दुसरी जाळी पहिलीवर तिरपांगडी बसते आणि प्रकरण आणखी बिघडते. दोष पिक्सेल कमी असण्याचा नाही, चौकोनांच्या कडांचा आहे.

याला शास्त्राचा जुना आधार आहे. १९७३ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या लिऑन हार्मन आणि बेला युलेश यांनी अब्राहम लिंकनचा चेहरा मोजक्या ठोकळ्यांत मांडून दाखवला. जवळून तो ओळखू येत नाही. डोळे बारीक केले किंवा चित्र धूसर केले की लिंकन समोर उभा राहतो. धूसर केल्याने माहिती काही वाढत नाही. चेहऱ्याची ओळख पटायला लागणारी माहिती त्या ठोकळ्यांत आधीच होती, ठोकळ्यांच्या खोट्या कडा तिला झाकत होत्या, एवढेच. साल्वादोर दालीने त्यावरून केलेल्या १९७६ च्या चित्राच्या नावातच सांगून ठेवले, की वीस मीटरवरून पाहिले तर हा लिंकन आहे. फलकासाठी फोटो तयार करणे म्हणजे मुख्यतः या खोट्या कडा काढणे.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. समजा धारूर तालुक्यातल्या एका घरी आजींचे पहिले पुण्यस्मरण आहे. महामार्गाच्या एका फाट्यावर पंधरा बाय दहा फुटांचा फलक लावायचा आहे. तिथे थांबणारा माणूस त्यापासून दहा मीटरवर असेल. आजींचा एकच बरा फोटो आहे, तोही लग्नातला, पाच जणींचा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, १६०० बाय १२०० पिक्सेलचा. त्यात आजींचे डोके, टाळूपासून हनुवटीपर्यंत, १८० पिक्सेल उंच आहे. घरच्यांना चेहरा तीन फुटांचा हवा आहे.

इथे पहिला प्रश्न चेहऱ्याच्या उंचीचा आहे, डीपीआयचा नाही. चेहऱ्याचे पिक्सेल गुणिले अंतराचे मीटर गुणिले ०.२९ केले, की चेहरा जास्तीत जास्त किती मिलिमीटरचा करावा हे कळते. १८० गुणिले १० गुणिले ०.२९ म्हणजे ५२२ मिलिमीटर, ढोबळमानाने पावणेदोन फूट. तीन फुटांचा केला तर पिक्सेल पाच मिलिमीटरचा होईल आणि चेहरा धड दिसायला सतरा मीटर मागे जावे लागेल. पंधरा बाय दहाच्या फलकावर पावणेदोन फुटांचा चेहरा आणि खांद्यापर्यंतचा भाग चांगला शोभतो, नाव आणि तिथीलाही जागा राहते. घरच्यांना मोठाच चेहरा हवा असेल, तर ज्याच्या फोनमध्ये मूळ फोटो आहे त्याच्याकडून तो व्हॉट्सअ‍ॅपवरच, पण `Document` म्हणून मागवावा. तसा पाठवला की तो दाबला जात नाही. मूळ ४००० बाय ३००० चा असेल, तर त्याच चेहऱ्याला ४५० पिक्सेल मिळतील आणि तो चार फुटांपर्यंत नेता येईल. या एका निरोपाने जेवढे साधते, तेवढे पुढच्या कुठल्याही कारागिरीने साधत नाही.

मूळ फोटो नाहीच मिळाला, असे धरू. आता क्रम महत्त्वाचा. फोटो लहान असतानाच त्याची सफाई करायची, कारण एकदा ताणला की चौकोनही ताणले जातात आणि मग ते चेहऱ्याचाच भाग आहेत असे समजून सगळे फिल्टर त्यांना जपत बसतात. फोटोशॉपमध्ये चित्र `Lab Color` मध्ये न्यावे. तिथे उजेड एका वाहिनीत आणि रंग `a` व `b` या दोन वाहिन्यांत वेगळे होतात. या दोन रंगवाहिन्यांवर दीड-दोन पिक्सेलचा `Gaussian Blur` द्यावा. गालावरचे लाल-हिरवट ठिगळ मावळते, आणि चेहऱ्याची रेखा उजेडाच्या वाहिनीत असल्याने तिला धक्का लागत नाही. मग चित्र परत `RGB Color` मध्ये आणून `Reduce Noise` मधला `Remove JPEG Artifact` हा पर्याय हलक्या हाताने वापरावा. हात जड झाला, की चेहरा मेणाचा होतो आणि सुरकुत्या जातात. आजींच्या चेहऱ्यावरून सुरकुत्या गेल्या, तर त्या घरातल्याच वाटत नाहीत.

याच टप्प्यावर उजेड दुरुस्त करावा. भर दुपारी मांडवाबाहेर काढलेल्या फोटोत पदराखालचा चेहरा काळोखात असतो, आणि फ्लेक्सवर सॉल्व्हंट शाईने मधल्या छटा आणखी दडपतात. `Curves` मध्ये मधला भाग वर उचलून कपाळ, नाक आणि गाल पार्श्वभूमीपासून सुटे करावेत. लांबून चेहरा ओळखू येतो तो मुख्यतः या मोठ्या उजेड-सावल्यांमुळे. पापण्या मोजता आल्या म्हणून कुणी कुणाला ओळखत नाही.

मग मोठे करणे. इथे दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात. फोटोत खरी माहिती इंचाला साधारण नऊ पिक्सेलचीच आहे, आणि दहा मीटरला ती पुरते. पण फाइलही नऊवर ठेवली, तर प्रत्येक पिक्सेलचा टोकदार चौकोन छापला जाईल, आणि सरळ कडेतली पायरी डोळ्याला एका कलेपेक्षाही बारीक असली तरी दिसते. म्हणून फाइल इंचाला ५० पिक्सेलवर न्यावी. चेहरा १८० वरून सुमारे १०५० पिक्सेल होतो, पावणेसहापट. `Image Size` मध्ये `Bicubic Smoother` निवडून हे एका दमात करावे. दहा-दहा टक्क्यांनी वाढवत नेले की फोटो फाटत नाही, अशी एक समजूत आहे. तसे केल्याने नवी माहिती येत नाही, प्रत्येक फेरीत चित्र थोडे अधिक मऊ मात्र होते. आख्खा पंधरा बाय दहाचा फलक या दराने ९,००० बाय ६,००० पिक्सेलचा होतो. ही फाइल कुठलाही साधा संगणक सहज उघडतो.

शार्पनेस सगळ्यांत शेवटी, आणि तोही रस्त्याच्या मापाने. सवयीने `Unsharp Mask` मध्ये `Radius` १ ठेवला जातो. या फाइलीत एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा आहे. अर्ध्या मिलिमीटरची धार दहा मीटरवर पोहोचतच नाही. तिथली एक कला म्हणजे जवळपास सहा पिक्सेल, तेव्हा `Radius` ६ च्या आसपास, `Amount` ८० ते १०० आणि `Threshold` ३-४ ठेवावा. पडद्यावर जवळून हे जरा जास्त वाटेल, वाटू द्यावे. पदराच्या कडेला पांढरी रेघ उठली, तर मात्र `Amount` उतरवावा. सरतेशेवटी `Add Noise` मधून एकरंगी तीन टक्के कण टाकावेत. हे कण उरल्यासुरल्या चौकोनांच्या कडा मोडतात, आणि कुणी जवळ गेलाच, तर त्याला प्लास्टिकचा गाल दिसत नाही, छायाचित्राचा पोत दिसतो.

अक्षरांचा या सगळ्याशी संबंध नाही, आणि तो जोडूही नये. आजींचे नाव, तिथी, शोकाकुल परिवार, हे कोरलड्रॉमध्ये वेक्टर म्हणूनच राहू द्यावे किंवा फलकाच्या पूर्ण आकाराच्या फाइलीवर लिहावे. फोटोच्या मूळ लहान फाइलीवर नाव लिहून सगळे एकत्र ताणले, तर अक्षरांच्या कडांवर पायऱ्या येतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे कडेच्या पायरीला डोळा माफी देत नाही. फोटो साधारण असला तरी अक्षरे कोरीव असतील, तर पाहणारा आख्खा फलकच स्वच्छ समजतो.

आता आक्षेप. पहिला असा, की लोक फलकाजवळही जातात, त्याच्यासमोर फोटो काढतात. बरोबर आहे, आणि हीच या विवेचनाची मर्यादा आहे. ८७ चा हिशेब जवळात जवळच्या पाहणाऱ्याला लावायचा असतो. कार्यक्रमाच्या स्वागतकमानीखालून लोक दोन मीटरवरून जातात. तिथे इंचाला ४४ पिक्सेल लागतात, म्हणजे आपल्या १८० पिक्सेलच्या चेहऱ्याला जेमतेम चार इंच. व्यासपीठामागच्या पडद्यासमोर तर कॅमेरे उभे असतात. अशा जागी लहान फोटो मोठा करूच नये. तिथे चेहरा लहान ठेवून अक्षरे मोठी करावीत. पण कमानीचा नियम महामार्गाच्या फाट्याला लावणे म्हणजे पत्रिकेचा नियम फलकाला लावण्यासारखेच झाले.

दुसरा आक्षेप दुकानदाराचा: एवढा खटाटोप करायला वेळ कुणाला आहे? एका चेहऱ्याला हे सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. ज्याला खात्री हवी, त्याने चेहऱ्याचा डोळे आणि नाकाचा फूटभर तुकडा खऱ्या मापात छापून दुकानासमोरच्या भिंतीला लावावा आणि रस्ता ओलांडून पाहावा. चौकोन दिसले तर सफाई राहिली, मेण दिसले तर सफाई जास्त झाली, चेहरा काळा पडला तर `Curves` कमी पडला. फूटभर फ्लेक्स वाया गेला तरी दीडशे चौरस फूट वाचतात.

निष्कर्ष असा, की लांबून पाहायच्या फलकाला इंचाला ३०० पिक्सेल मागणे निराधार आहे आणि कसलाही फोटो चालतो म्हणणे बेजबाबदार आहे. गिऱ्हाइकाला मोठा फोटो आणायला परत पाठवण्याआधी दुकानदाराने दोनच गोष्टी विचाराव्यात: फलक किती मीटरवरून पाहिला जाणार आहे, आणि मूळ फोटो कुणाच्या फोनमध्ये आहे? पहिल्या उत्तरावरून चेहऱ्याची उंची ठरेल, दुसऱ्यावरून बाकीचे बरेच काम वाचेल.